वाटीभर साखर, शके १८६६

आमच्या चाळीतल्या जुन्या माणसांच्या तोंडी सन नसायचा. 'रामदास बुडाली त्या पावसाळ्यात', 'संपाच्या आदल्या वर्षी', 'गोदीत स्फोट झाला तेव्हा' असं ते बोलत, आणि ऐकणाऱ्याला तेवढं पुरत असे. रामदास बोट १९४७ च्या जुलैत बुडाली, गिरण्यांचा संप १९८२ च्या जानेवारीत सुरू झाला, हे मी पुढे पुस्तकांतून वाचलं. लालबागच्या त्या चाळीत मोठी होताना मला फक्त या गोष्टींचा क्रम पाठ होता. आधी स्फोट, मग रामदास, मग बरंच काही, आणि शेवटी संप, ज्यात आजोबांचं साळखातं कायमचं सुटलं.

१९९४ च्या एप्रिलअखेरीस खालच्या मजल्यावरच्या एका काका-काकूंच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून त्यांच्या मुलांनी केक आणला. चाळीतल्या प्रत्येक खोलीत त्याचा एकेक तुकडा आला. आजीने तो बशीत घेतला, निवडायला घेतलेले तांदूळ बाजूला सारले आणि आजोबांना म्हणाली, "आपल्याला किती झाली हो?" आजोबा म्हणाले, "स्फोटानंतर झालं ना आपलं. मोज तिथून." मोजलं कुणीच नाही. आजीने केक खाल्ला आणि पुन्हा तांदळाकडे वळली. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. त्याच संध्याकाळी मी ठरवलं, आपण मोजायचं, आणि या दोघांना कळू न देता मोजायचं.

आरंभ फळीवरच्या भांड्यांपासून झाला. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालतात ही मोठी सोय आहे. कागद हरवतात, फोटो काढलेलेच नसतात, पण पितळेच्या डब्यावर टिकटिक करत टोचलेली अक्षरं घासूनघासूनही पुरती जात नाहीत. दिवाळीखेरीज खाली न येणारं एक घंगाळ होतं. त्याच्या काठाखाली बोट फिरवलं की खाचा लागायच्या. आजी नळावर गेलेली असताना मी स्टुलावर चढून, विजेरी लावून ती अक्षरं वहीत उतरवून घेतली. 'मामाकडून सप्रेम भेट. अक्षय्य तृतीया, शके १८६६.'

शके म्हणजे काय हे विचारायला एकच माणूस होता. आमच्या मजल्यावरचे गुरुजी म्युनिसिपालिटीच्या शाळेतून निवृत्त झालेले होते. जन्मापासून त्याच खोलीत राहिलेले, त्यामुळे चाळीतलं लग्न असो की मर्तिक, त्यांनी पाहिलेलं असे. ते म्हणाले, "शकात अठ्ठ्याहत्तर मिळव." मी मिळवले. १९४४ आले. मग त्यांनी स्वतःच पडताळा घेतला. स्फोट १४ एप्रिल १९४४ चा, वार शुक्रवार. तेव्हा चैत्रातला वद्य पक्ष चालू होता. त्यानंतर अमावास्या गेली आणि मग वैशाखातली तीज आली. म्हणजे स्फोटानंतर अकरा-बारा दिवसांनी लग्न. "तारखेनं म्हणशील तर पन्नासावा वाढदिवस नुकताच होऊन गेला," ते म्हणाले. "तिथीनं अजून यायचाय." भिंतीवरच्या कालनिर्णयात अक्षय्य तृतीया १३ मे रोजी होती. हाताशी थोडे दिवस होते, आणि आजीच्या पिढीला तिथीच खरी.

"पण काय करणार आहेस?" गुरुजींनी विचारलं. मला ते माहीत नव्हतं. केक आणायला पैसे नव्हते, आणि आजीला केक फारसा रुचलाही नव्हता. मी म्हटलं, "त्यांच्या लग्नात काय राहिलं होतं?" गुरुजी काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "राहिलं काय विचारतेस, जळलं काय ते विचार."

आजीचे मामा मांडवीला एका धान्याच्या वखारीत दिवाणजी होते. आजी रामनवमीच्या सुमारास बोटीने गावाहून आली आणि त्यांच्याकडे उतरली. मुंबईत रेशन सुरू होऊन वर्ष होत आलं होतं. तांदूळ, साखर सगळं कार्डावर मिळायचं. मामींनी कित्येक महिने घरातल्यांचा चहा बिनसाखरेचा करून लग्नासाठी साखर जमवली होती. ती, थोडा तांदूळ, डाळ, दोन लुगडी असं सगळं सामान मामांनी वखारीच्या माळ्यावर ठेवलं होतं, कारण चाळीतल्या खोलीत उंदीर आणि मुंग्या. चौदा तारखेला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन नावाची बोट उभी होती. पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं, शिवाय कराचीत चढवलेल्या कापसाच्या गाठी, आणि सोन्याच्या विटा. दुपारी कापसातून धूर यायला लागला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. पेटलेल्या कापसाचे गोळे मांडवी, मशीद बंदरच्या वखारींवर पडले. आग विझवायला गेलेल्यांपैकी अग्निशमन दलाचे ६६ जण परत आले नाहीत. लालबागपर्यंत खिडक्या हादरल्या. चौदा वर्षांचे गुरुजी तेव्हा गॅलरीत उभे होते, आणि दक्षिणेकडचं आकाश रात्रभर लाल होतं असं त्यांनी मला सांगितलं. मामा जिवंत परतले. वखार राहिली नाही.

"मग लग्न पुढे नाही ढकललं?"

"कशाला? मुलगी येऊन बसलेली. पावसाळ्याआधी बोटी बंद होणार. आणि अक्षय्य तृतीयेला मुहूर्त काढावा लागत नाही." गुरुजींनी चष्मा पुसला. "साखर चाळीनं दिली. खोलीखोलीतून."

कुणी किती दिली, त्या साखरेचं काय केलं, हे त्यांना नीट आठवत नव्हतं. लाडू वळलेले आठवत होते. म्हणून मी आमच्याच चाळीतल्या तात्यांकडे गेले. तात्या त्या वेळी सहा वर्षांचे होते, पण स्फोटाबद्दल त्यांची मतं ठाम होती. "जपान्यांनी बॉम्ब टाकला. माझ्या बापानं विमान पाहिलंय. ती आगीची गोष्ट सरकारनं मागाहून रचली. आणि रेशन आलं ते त्या स्फोटामुळेच, धान्य जळलं म्हणून." विमान पाहिल्याचं त्या वेळी पुष्कळांनी सांगितलं असणार. युद्ध चालू होतं, वर्तमानपत्रांवर बंधनं होती, खरी बातमी लोकांपर्यंत पोचायला वेळ लागला आणि तोवर जिभेवर जे बसलं ते बसलं. रेशनबद्दल मात्र मी गुरुजींनी दिलेलं उत्तर सांगितलं, की ते १९४३ च्या मे महिन्यातच सुरू झालं होतं. तात्यांनी मान हलवली. "गुरुजी शाळेत शिकवायचे. रांगेत मी उभा होतो." तिथे वाद घालण्यात अर्थ नव्हता, आणि धान्य जळलं हे तर खरंच होतं.

मी मुद्द्यावर आले. "तात्या, आमच्यासाठी साखर किती दिली होती तुमच्या घरानं?" तात्यांना अलीकडे कमी ऐकू यायचं. त्यांना फक्त 'साखर' आणि 'आमच्यासाठी' एवढंच कळलं. ते उठले, डबा उघडला, वाटी शिगोशीग भरून माझ्या हातात दिली. "आईला सांग, परत करायची घाई नाही."

ती वाटी हातात घेऊन मी गॅलरीत उभी राहिले आणि काय करायचं ते मला कळलं.

योजना सोपी होती. प्रत्येक खोलीतून वाटीभर साखर घ्यायची, त्याच साखरेचे बुंदीचे लाडू करायचे, अक्षय्य तृतीयेला आजी-आजोबांसमोर ठेवायचे. अडचण अशी की मे महिना होता. आमची अर्धी चाळ एसटीने कोकणात गेलेली. कोकण रेल्वे अजून पुरी झालेली नव्हती. आमच्या मजल्यावरच्या वीस खोल्यांपैकी अकरांना कुलूप. उरलेल्या नऊ खोल्यांमध्ये एक आमची. त्यात आजी दिवसभर दारातच बसलेली असायची. चाळीत लपवाछपवी करायची तर सगळ्यांना सांगून टाकावं लागतं, म्हणजे मग ते सगळे मिळून एकाच माणसापासून लपवतात. मी सगळ्यांना सांगितलं. पहाटे चारला पाणी यायचं तेव्हा आजी नळाच्या रांगेत असायची, तेवढ्यात बायका गुरुजींच्या खोलीत वाट्या ठेवून जायच्या. गुरुजींकडे स्टीलचा मोठा डबा होता. त्याच्याभोवती त्यांनी हळदीची रेघ ओढली होती, मुंग्यांसाठी.

कोपऱ्यातल्या वहिनींनी साखर दिली तेव्हा त्या बराच वेळ स्वतःच्याच लग्नाबद्दल बोलल्या. त्यांचं लग्न संपाच्या वर्षातलं. नवऱ्याला पगार नव्हता, बँड नव्हता, मंडपाचं भाडं सासऱ्यांनी कसं चुकवलं ते त्यांना अजून माहीत नाही. "माझ्या लग्नात कुणी वाटीभर साखर आणून दिली नाही गं," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "दिली असती तरी कुणाकडे होती तेव्हा?" १९८२ मध्ये साऱ्या मजल्याचा पगार एकदमच थांबला होता. १९४४ मध्ये गिरण्या युद्धाच्या कापडासाठी जोरात चालू होत्या, हातात पैसे होते, दुकानात वस्तू नव्हत्या. एकाच खोलीतल्या या दोन टंचाया किती वेगळ्या होत्या, हे मला वहिनींमुळे फार नंतर समजलं. त्यांनी दोन वाट्या दिल्या.

आता लाडू. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू लग्नाच्या लाडवांच्या ऑर्डरी घ्यायच्या. त्यांनी डबा हातात तोलला आणि म्हणाल्या, "दीड किलो भरेल. म्हणजे बेसन किलोभर. साठ-पासष्ट लाडू होतील." बेसन आणि तूप वर्गणीतून आलं. चणाडाळ जरा जाडसर दळून आणायची, हे त्यांनी मला दोनदा बजावलं. बारीक बेसनाची बुंदी मऊ पडते आणि लाडू पिठूळ लागतो.

आदल्या दिवशी दुपारी स्टोव्ह पेटला. आजीला सांगितलं होतं की वरच्या मजल्यावर सत्यनारायण आहे, कारण तळणीचा वास दाबून ठेवता येत नाही. काकूंनी पीठ भिजवलं, झाऱ्यावर पळीभर ओतलं आणि झारा कढईच्या काठावर आपटला. पहिला घाणा चपटा पडला, बुंदीला शेपट्या आल्या. "पातळ झालं," म्हणत त्यांनी मूठभर बेसन घातलं. दुसऱ्या घाण्यात थेंब गोल पडले आणि तुपात पडताच वर आले. बुंदी कुरकुरीत व्हायच्या आत काढायची, नाहीतर ती पाक पीत नाही. मला वाटलं होतं तळणं हेच अवघड. अवघड होता पाक.

नऊ घरांची साखर म्हणजे नऊ तऱ्हांची साखर. कुणाची जाड, कुणाची पिठी झालेली, कुणाची दमट, एकीत दोन लवंगा, एकीत मेलेली मुंगी. साखर भिजेल एवढंच पाणी घालून उकळी आणली तर वर काळपट फेस जमला. काकूंनी चमचाभर दूध घातलं. मळी एका बाजूला गोळा झाली, ती त्यांनी पळीने काढून टाकली, आणि खालून स्वच्छ पाक दिसायला लागला. मग चमचा उचलून थेंब बशीत, अंगठा आणि तर्जनीमध्ये दाबून बोटं सावकाश लांब करायची. तार आली आणि लगेच तुटली तर थांबायचं. एक अख्खी तार टिकली की खाली उतरवायचं. दोन तारा यायला लागल्या तर पाक पुढे गेला. लाडू वळतात, पण दुसऱ्या दिवशी दगड होतात. आमचा पाक गप्पांमध्ये पुढे गेलाच. काकूंनी थोडं गरम पाणी घालून तो पुन्हा उकळला आणि पुन्हा तार पाहिली. बुंदी पाकात टाकून झाकून ठेवली. तासाभराने, हाताला सोसेल इतकी कोमट असताना आठ बायका आणि मी वळायला बसलो. गार झाली असती तर लाडू बांधलेच गेले नसते.

अक्षय्य तृतीयेला सकाळी आजीने नेहमीप्रमाणे पितरांसाठी पाण्याचा घडा भरला, पन्हं केलं. दुपारी गुरुजींनी आजोबांना पेपर वाचायला म्हणून बोलावलं, वहिनींनी आजीला शिवणाच्या निमित्ताने नेलं. परत आले तेव्हा आमच्या दारात रांगोळी होती, खोलीत पाट मांडले होते, घंगाळ चिंचेने घासून समोर ठेवलं होतं आणि त्यात लाडू रचले होते. सगळा मजला गॅलरीत उभा होता. तात्यांनी मोठ्याने विचारलं, "कुणाचं लग्न?"

आजीने आधी घंगाळ पाहिलं. "हे कुणी काढलं खाली?" मग तिने अक्षरांवरून बोट फिरवलं. आजोबांना गुरुजींनी हिशेब सांगितला, शकाचा आणि तिथीचा. पन्नास वर्षं. आजोबा पाटावर बसले, लाडू उचलला, मोडला, आणि बाकी कुणाला नाही, माझ्याकडे पाहून विचारलं. "कोपऱ्यातल्या खोलीतून साखर आली का?"

मी हो म्हटलं. वहिनींनी दोन वाट्या दिल्याचं सांगितलं.

"तेव्हाही तिथूनच जास्ती आली," आजोबा म्हणाले. आणि मग जे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. कोपऱ्यातल्या खोलीत तेव्हा गोदीत काम करणारे गावकरी एकत्र राहायचे, पाळीपाळीने झोपायचे. त्या शुक्रवारी त्यांच्यातले तिघे गोदीतून परत आले नाहीत. दोघांचं काही सापडलंच नाही. लग्नाच्या आदल्या रात्री उरलेले त्यांची साखर घेऊन आले. त्या तिघांच्या कार्डावरची साखरही त्यात होती. त्या आठवड्याची आधीच आणून ठेवलेली. "ती आम्ही खाल्ली," आजोबा म्हणाले. "रेशन मिळालं तशी बाकी सगळ्या खोल्यांची साखर मी फेडली. ह्यांची फेडायला गेलो तर खोलीला कुलूप. गावी गेले होते. परत आलेच नाहीत."

तात्या म्हणाले की ते खाली, पहिल्या मजल्यावर राहायचे. गुरुजी म्हणाले, खोली कोपऱ्यातलीच पण माणसं पाच गेली. आजोबांनी दोघांचं ऐकून घेतलं. मग ते उठले, पाच लाडू ताटलीत घेतले आणि स्वतः वहिनींच्या दारात नेऊन दिले. वहिनी म्हणाल्या, "अहो, माझे कोण होते ते?" आजोबा म्हणाले, "खोली तीच आहे."

इकडे आजीने लाडू चाखला होता आणि ती समाधानी नव्हती. "चांगला झालाय. पण आमच्या लग्नात गुळाचे होते."

"साखरेचे," आजोबा दारातूनच म्हणाले. "साखर जमवली कशासाठी मग?"

"मी खाल्ला आहे. मला गूळ लागला होता."

पन्नास वर्षांत या दोघांचं यावर बोलणंच झालं नव्हतं. गुरुजींचं म्हणणं पडलं की बुंदी गुळाच्या पाकात बांधायची तर पाक फार जपून काढावा लागतो, त्या घाईगर्दीत कुणी ते करणार नाही. लाडूवाल्या काकूंचं म्हणणं उलटं होतं. साखर कमी पडली की बाई गुळाकडेच वळते. शेवटी ठरलं की ज्यांनी ते लाडू वळले त्यांनाच विचारावं. चाळीत पूर्वी खानावळ चालवणाऱ्या एक मावशी म्हातारपणी गावी जाऊन राहिल्या होत्या. गुरुजींकडे त्यांचा पत्ता होता. मी पंधरा पैशांचं कार्ड घेऊन त्यांना लिहिलं.

उत्तर शाळा सुरू व्हायच्या सुमारास आलं, नातवाच्या अक्षरात. मावशींनी आशीर्वाद दिले होते. लाडू त्यांनीच वळले होते. साखर पुरली नव्हती, म्हणून शेवटचा घाणा गुळाचा केला आणि तो घरच्या माणसांत वाटला, त्यात नवरीही आली. कोपऱ्यातल्या खोलीतले किती गेले ते त्यांना आठवत नव्हतं. त्यांच्या खानावळीत सात जण जेवायला यायचे आणि नंतर चार येत, एवढंच त्यांनी लिहिलं होतं. कार्डाच्या कडेला, पत्त्याच्या वर, आडव्या ओळीत आणखी एक वाक्य होतं. त्या लग्नाच्या वेळी त्यांचा पितळी झारा चाळीतच कुणाकडे तरी राहिला होता, तेवढा विचारून ठेवावा.

आजीने कार्ड दोनदा वाचायला लावलं. मग ती उठली, पदर खोचला आणि मला म्हणाली, "चल. पहिल्या मजल्यापासून विचारत येऊ."